गोळीनंतरचे रक्त म्हणजे पाळी नव्हे

डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझे वय २६ असून लग्नाला एक वर्ष झाले आहे. इतक्यात मूल नको, म्हणून आम्ही कंडोम वापरतो. माझी पाळी २८ ते ३० दिवसांनी येते. या वेळी ती ३ जूनला आली. १४ जूनच्या रात्री कंडोम फाटला, म्हणून १५ जूनला सकाळी मेडिकलमधून आय-पिल आणून घेतली. २० जूनला रक्त जायला सुरुवात झाली. आधी तपकिरी, मग लाल, असे २३ जूनपर्यंत चालले, पण दिवसाला एखादेच पॅड लागले. २२ तारखेला घरीच तपासणी केली, एकच रेघ आली. जाऊबाई म्हणाल्या, पाळी आली, गोळी लागू पडली. म्हणून २५ जूनला आम्ही कंडोम वापरला नाही. काल, २८ जूनला, पुन्हा थोडा डाग दिसला आणि मी घाबरले आहे. आता पाळी १ जुलैला येणार की २० तारखेपासून मोजून १८ जुलैला? तपासणी पुन्हा करू का, आणि कधी? पुन्हा एक गोळी घ्यावी का? मेडिकलवाले पाळी आणायच्या गोळ्या देतो म्हणतात. गोळीने आत काही बिघडले तर नाही ना?
— एक वाचक, सातारा जिल्हा (२९ जून)

नमस्कार.

हे उत्तर मी १ जुलैला लिहीत आहे आणि पुढच्या सगळ्या तारखा त्या हिशेबाने दिल्या आहेत. आधी थोडक्यात सांगते. २० जूनचे रक्त पाळीचे धरू नका. तुमची शेवटची पाळी ३ जूनचीच आहे. २२ जूनची तपासणी फार लवकर झाली, त्यामुळे ती जमेस धरता येत नाही. पहिली तपासणी ५ जुलैला आणि दुसरी, जी तुमच्यासाठी अधिक महत्त्वाची आहे, ती १६ जुलैला करा. आता पुन्हा ही गोळी घेऊन उपयोग नाही, आणि पाळी आणायच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. गोळीने आत काही बिघडलेले नाही.

हे असे का, ते आता सविस्तर लिहिते.

तुम्ही घेतलेल्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक दीड मिलिग्रॅम असते. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनच्या एका गोळीत हेच संप्रेरक ०.१५ मिलिग्रॅम असते, म्हणजे तुम्ही एका घोटात माला-एनच्या दहा गोळ्यांइतके लेव्होनॉरजेस्ट्रेल घेतलेत. (म्हणून कोणी घरातल्या माला-एनच्या दहा गोळ्या एकदम घेऊ नयेत, त्यांत इस्ट्रोजेनही असते आणि ओकारीपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.) गोळीचे काम एकच आहे. बीजकोषातून स्त्रीबीज बाहेर पडायला मेंदूकडून जो इशारा मिळतो, तो इशारा सुटण्याआधी गोळी पोटात गेली तर तो लांबतो किंवा त्या महिन्यापुरता मिळतच नाही. बीज वेळेवर बाहेर आले नाही की आत वाट पाहणारे शुक्राणू, जे फार तर पाच दिवस तग धरतात, निकामी होतात. इशारा सुटून गेल्यावर घेतलेली गोळी मात्र बीजाला अडवू शकत नाही. गर्भ रुजल्यानंतर घेतली तर ती त्याला पाडतही नाही आणि त्याचे काही बिघडवतही नाही. वेळेत गोळी घेणाऱ्या शंभर जणींपैकी एक ते तिघींना दिवस राहतात, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

आता रक्ताचे पाहू. गर्भाशयाच्या आतले अस्तर संप्रेरकांच्या आधारावर टिकून असते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत रक्तातले लेव्होनॉरजेस्ट्रेल एकदम खूप वाढते आणि मग दिवसागणिक उतरत जाऊन चार-सहा दिवसांत जवळजवळ संपते. हा आधार अचानक मिळाला आणि अचानक गेला की अस्तराचा वरचा थर थोडा थोडा सुटू लागतो. तुम्हाला गोळीनंतर पाचव्या दिवशी, आधी तपकिरी आणि नंतर लाल रक्त दिसले, ते याच हिशेबात बसते. तपकिरी रंग म्हणजे आत थोडा वेळ थांबून हळूहळू उतरलेले जुने रक्त. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. गोळी घेतलेल्या शंभर जणींपैकी पंधरा-वीस जणींना तरी पहिल्या आठवड्यात असे काही ना काही रक्त जाते आणि बाकीच्यांना काहीच जात नाही. दोन्ही प्रकार नेहमीचे आहेत.

जाऊबाईंचा समज आमच्या ओपीडीत रोज ऐकायला मिळतो आणि माझ्या मते या गोळीबद्दलच्या सगळ्या गैरसमजांत हाच सर्वांत महागात पडणारा आहे. गोळीनंतर रक्त गेले म्हणजे गोळी लागू पडली, असा त्याचा अर्थ होत नाही, आणि रक्त गेले नाही म्हणजे गोळी फुकट गेली, असाही होत नाही. अस्तर सुटले, एवढेच ते रक्त सांगते. बीजाचे काय झाले, ते त्यावरून कळत नाही. गोळी निष्फळ ठरून दिवस राहिले असतील तरीही पहिल्या आठवड्यात असेच रक्त जाऊ शकते, आणि पुढे गर्भ रुजतानाही काहींना डाग दिसतो. रंग, पॅडची संख्या किंवा पोटदुखी यांवरून हे वेगळे करता येत नाही. मलाही येत नाही.

तुमच्या तारखा नीट मांडून पाहू. पाळी २८ ते ३० दिवसांची असेल तर बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी बाहेर पडते, म्हणजे या महिन्यात ते १७ ते १९ जूनच्या दरम्यान पडायचे होते. १४ जूनची रात्र त्याच्या ऐन तोंडावरची होती, म्हणून गोळी घेतलीत हे योग्यच झाले, आणि ती काही तासांत घेतलीत हे त्याहून चांगले झाले. इशारा सुटायच्या आत ती पोटात गेली की नाही, हे मात्र आज कोणालाही सांगता येणार नाही, कारण १५ जून हा दिवस अगदी सीमेवरचा आहे.

गोळी वेळेत लागू पडली असेल, तर १७ ते १९ जूनच्या सुमारास बाहेर पडणारे बीज मागे राहिले असणार. काही जणींत ते त्या महिन्यात बाहेर येतच नाही, पण बऱ्याच जणींत ते पाच-सात दिवसांनी किंवा आणखी थोड्या उशिराने बाहेर पडते. म्हणजे तुमच्या बाबतीत ते २२ ते २७ जूनच्या आसपास असू शकते आणि २५ जून नेमका त्यातच येतो. पाळी झाली असे समजून तुम्ही जो दिवस निर्धास्त मानला, तो या महिन्यातला कदाचित सर्वांत जोखमीचा दिवस होता. गोळी आधी झालेल्या संबंधासाठी असते. घेतल्यानंतरच्या संबंधांना ती संरक्षण देत नाही, उलट बीज पुढे ढकलून नंतरचे दिवस जोखमीचे करून ठेवते. वेष्टनावर हे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि दुकानात कोणी सांगत नाही. इथे तुम्हाला किंवा जाऊबाईंना दोष देण्याचा माझा हेतू नाही. रक्त दिसले की पाळी, हाच हिशेब आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या शिकवला जातो आणि संप्रेरकांच्या गोळ्या मध्ये येत नाहीत तोवर तो बहुतेक वेळा बरोबरही ठरतो.

२८ जूनचा डागही याच गोंधळाचा भाग असण्याची शक्यता मोठी आहे. या महिन्यात अस्तराचे वेळापत्रक विस्कटले असल्यामुळे पुढची खरी पाळी येईपर्यंत अधूनमधून डाग दिसू शकतो.

मग पाळी कधी येणार? ती ३ जूनपासूनच मोजायची, म्हणजे तुमची अपेक्षित तारीख १ ते ३ जुलै. गोळीनंतर बहुतेक जणींची पाळी अपेक्षित तारखेच्या आठवडाभर आगेमागे येते. महिन्याच्या सुरुवातीला, पाळी संपल्या संपल्या गोळी घेतली तर पुढची पाळी बहुधा लवकर येते. तुमच्यासारखी ऐन मध्यावर घेतली, आणि बीज मागे पडले, तर ती उशिरा येऊ शकते. बीज २६ जूनला बाहेर पडले असे धरले तर त्यापुढे चौदा दिवसांनी, म्हणजे १० जुलैच्या सुमारास पाळी यायला हवी. त्यामुळे ४ किंवा ५ जुलैला पाळी आली नाही, एवढ्यावरून दिवस राहिले असे मनाशी पक्के करू नका. ही पाळी नेहमीपेक्षा एक-दोन दिवस जास्त चालली किंवा रक्त थोडे जास्त गेले तरी त्यात विशेष काही नाही.

तपासणीच्या तारखा मी अशा का दिल्या, तेही सांगते, म्हणजे पुन्हा असा प्रसंग आला तर त्या तुमच्या तुम्हाला काढता येतील. लघवीच्या तपासणीत एचसीजी हे संप्रेरक शोधले जाते आणि ते गर्भ गर्भाशयाच्या भिंतीत रुजू लागल्यावरच तयार होते. बीज बाहेर पडल्यापासून रुजायला सहा ते बारा दिवस लागतात आणि त्यानंतर लघवीत पट्टीला कळेल इतके एचसीजी जमायला आणखी दोन-चार दिवस जातात. त्यात शुक्राणू बिजाची वाट पाहत पाच दिवस आत राहू शकतात, ते दिवसही धरावे लागतात. हे सगळे मिळवून संबंधापासून २१ दिवस असा नियम ठरलेला आहे. १४ जूनच्या संबंधासाठी हे २१ दिवस ५ जुलैला पूर्ण होतात. तुम्ही तपासणी केलीत २२ जूनला, म्हणजे आठव्या दिवशी. त्या दिवशी गर्भ असता तरी तो अजून रुजलेला नसण्याचीच शक्यता जास्त होती आणि पट्टीने एकच रेघ दाखवली असती. त्या एका रेघेने फार तर एवढेच कळते की १४ जूनच्या आधीपासून तुम्ही गरोदर नव्हता.

२५ जूनच्या संबंधासाठी २१ दिवस १६ जुलैला पूर्ण होतात. ५ जुलैची तपासणी फक्त १४ जूनच्या रात्रीचे उत्तर देईल. त्या दिवशी एक रेघ आली म्हणून २५ जूनचा प्रश्न सुटत नाही. म्हणून ५ जुलैला काहीही निघाले, मध्ये रक्त गेले किंवा नाही गेले, तरी १६ जुलैची तपासणी चुकवू नका. एरवी एखादीने गोळीनंतर एकही असुरक्षित संबंध ठेवला नसेल आणि तिला नेहमीसारखी, नेहमीच्या प्रमाणात पाळी वेळेवर आली, तर मी तपासणीचा आग्रह धरत नाही. पाळी अपेक्षित तारखेपेक्षा सात दिवसांहून जास्त लांबली, नेहमीपेक्षा बरीच कमी गेली किंवा नेहमीपेक्षा वेगळी दुखली, तर मात्र तपासणी करावीच लागते. तुमच्या बाबतीत रक्ताची साक्षच या महिन्यात भरवशाची राहिलेली नाही, म्हणून मी तारखेवर बोट ठेवते.

१६ जुलैपर्यंत थांबवत नसेल तर रक्तातील बीटा एचसीजी ही तपासणी लघवीच्या तपासणीपेक्षा काही दिवस आधी सांगू शकते. ती कोणत्याही चांगल्या लॅबमध्ये होते, पण तिथेही फार लवकर केलेली तपासणी खोटा दिलासा देते. सोनोग्राफीचा या टप्प्यावर उपयोग नाही. गर्भाची पिशवी शेवटच्या पाळीपासून पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागते आणि तुमचे बीज उशिरा बाहेर पडले असेल तर ती त्याहूनही उशिरा दिसेल. उगाच पैसे घालवू नका.

घरी तपासणी करताना सकाळची पहिली लघवी घ्या, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते. किटवरची मुदतीची तारीख आधी पाहा. सोबतच्या ड्रॉपरने खळग्यात दोन-तीन थेंब टाकायचे आणि किटवर दिलेल्या वेळी, बहुधा पाच मिनिटांनी, वाचायचे. ‘सी’पाशी रेघ उमटलीच पाहिजे; ती नसेल तर किट वाया गेले, दुसरे घ्या. ‘टी’पाशी गुलाबी रेघ, कितीही फिकट असली तरी, ‘होय’ समजायची आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासायचे. अर्ध्या तासाने कचऱ्याच्या डब्यातून पट्टी काढून पाहिली आणि राखाडी रेघ दिसली, तर ती मोजायची नाही. लघवी वाळून तशी रेघ उमटते. अशा वाळलेल्या पट्ट्या रुमालात गुंडाळून घेऊन येणाऱ्या मुली मला दर महिन्याला भेटतात. किट विकत घ्यायला संकोच वाटत असेल, तर आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘निश्चय’ नावाचे सरकारी किट मागा.

१६ जुलैला एकच रेघ आली आणि तरीही पाळी आलेली नसेल, तर दिवस राहण्याची शक्यता जवळजवळ संपली असे समजा, पण आठवडाभराने पुन्हा एकदा तपासून मगच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्या वेळी थायरॉईड, पीसीओडी अशी पाळी लांबण्याची दुसरी कारणे पाहावी लागतात.

आता पुन्हा आपत्कालीन गोळी का नको, ते सांगते. ती संबंधानंतर जितकी लवकर घ्यावी तितकी बरी आणि वेष्टनावर ७२ तासांची मर्यादा दिलेली असते. त्यापुढे परिणाम कमी होत जातो आणि पाच दिवसांनंतर अर्थ उरत नाही. २५ जूनला आज सहा दिवस झाले. त्या संबंधासाठी ३० जूनपर्यंत, म्हणजे पाच दिवसांच्या आत, तांबी बसवून घेता आली असती. गोळी इशारा सुटण्याआधीच चालते, तांबीचे तसे नाही, म्हणून ती या गोळीपेक्षा कितीतरी जास्त खात्रीची आहे. तुमच्यासाठी ती वेळ गेली, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला कामी येईल, म्हणून लिहून ठेवते. एकाच महिन्यात गोळी दोनदा घेणे धोक्याचे नसते, पण दुसऱ्या गोळीने रक्ताचा गोंधळ आणखी वाढतो आणि हिशेब लावणे अवघड होऊन बसते.

पाळी आणायच्या गोळ्यांबाबत मात्र मी थोडी कडक भूमिका घेणार आहे. त्या नावाखाली दुकानातून दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. एक म्हणजे नॉरएथिस्टेरॉनसारखी गोळी, जी काही दिवस घेऊन थांबवली की रक्त येते. त्याने तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, वर आणखी एक कृत्रिम रक्तस्राव हिशेबात मिसळेल. दुसरी म्हणजे गर्भपाताचे किट, ज्यात मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल असते. तपासणीवाचून, गर्भ गर्भाशयातच आहे याची खात्री केल्यावाचून ते घेणे खरोखर घातक ठरू शकते, कारण गर्भ नलिकेत अडकलेला असेल तर या गोळ्यांनी तो निघत नाही, पण जाणाऱ्या रक्तामुळे सगळे पार पडले असे वाटत राहते आणि नलिका आतल्या आत फुटते. तीळ-गूळ आणि पपईने काही होणार नाही. ते हवे तेवढे खा.

दोन गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत, त्यांचा विचार करून ठेवा. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली होती का? झाली असेल तर ती पुरती अंगी लागली नाही असे धरावे लागते. दुसरे म्हणजे टीबीसाठी रिफाम्पिसिन, किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन अशी औषधे सध्या चालू आहेत का, किंवा गेल्या महिनाभरात होती का? ही औषधे यकृताला लेव्होनॉरजेस्ट्रेल फार लवकर संपवायला लावतात आणि एका गोळीचा परिणाम अपुरा पडतो. यांपैकी काही असेल तर ५ जुलैच्या तपासणीकडे जास्त गांभीर्याने पाहा.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र तारखेची वाट पाहू नका. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल आणि असे सलग दोन तास चालले, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. ओटीपोटात एका बाजूला ठसठसणारी किंवा एकाएकी उठलेली कळ, त्यासोबत खांद्याच्या टोकाशी दुखणे, घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ही लक्षणे नलिकेतल्या गर्भाची असू शकतात. तेव्हा रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठा. आपत्कालीन गोळीमुळे नलिकेत गर्भ राहण्याचे प्रमाण वाढते असे आढळलेले नाही, पण गोळी घेऊनही दिवस राहिले तर गर्भ कुठे आहे हे पाहणे आवश्यक असते. ही लक्षणे बहुधा शेवटच्या पाळीपासून सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास दिसतात, म्हणजे तुमच्या बाबतीत जुलैच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत. ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर तो संसर्ग असू शकतो. आणि डाग येणे पुढच्या पाळीनंतरही थांबले नाही, किंवा संबंधानंतर दर वेळी रक्त दिसले, तर त्याचा दोष गोळीवर टाकू नका. गर्भाशयाचे तोंड तपासून घ्या.

तपासणीत दोन रेघा आल्या तर पहिली चूक बहुतेक जणी तारीख सांगताना करतात. डॉक्टरांनी शेवटची पाळी विचारली की २० जून सांगू नका. ३ जूनची पाळी, १५ जूनची गोळी, २० ते २३ जूनचे रक्त, २८ जूनचा डाग आणि संबंधांच्या दोन्ही तारखा, असे सगळे एका कागदावर लिहून न्या. फरक सतरा दिवसांचा पडतो आणि तो किरकोळ नाही. गोळ्यांनी गर्भपात कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. ३ जूनपासून मोजले तर ती मुदत ५ ऑगस्टला संपते. २० जूनपासून चुकून मोजले तर २२ ऑगस्टपर्यंत वेळ आहे असा भ्रम होतो. नेमके वय सोनोग्राफीत ठरेलच, विशेषतः दिवस २५ जूनच्या संबंधातून राहिले असतील तर, पण सुरुवात बरोबर तारखेने व्हावी. गर्भ ठेवायचा असे तुम्ही ठरवलेत तर घेतलेल्या गोळीने त्याला इजा होत नाही, हे निश्चिंतपणे धरून चला. नको असेल तर १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातली २०२१ची दुरुस्ती यांनुसार गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरणे हे मान्य कारण आहे, सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची संमती द्यावी लागते, नवऱ्याची किंवा सासरच्या कोणाची सही लागत नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. केंद्र मात्र मान्यताप्राप्त असावे.

१६ जुलैपर्यंत प्रत्येक संबंधाच्या वेळी कंडोम वापरा, नाहीतर २१ दिवसांची मोजणी पुन्हा नव्याने सुरू करावी लागेल. तोवर खरी पाळी आली आणि १६ तारखेलाही एकच रेघ आली, तर त्याच आठवड्यात नियमित साधनाबद्दल डॉक्टरांशी बोला. रोजची गोळी लक्षात राहत असेल तर माला-एन चालेल, राहत नसेल तर तांबी. कंडोम फाटण्याची धास्ती दोन्हींत नाही. रोजची गोळी पाळीच्या पहिल्या पाच दिवसांनंतर सुरू केली तर पहिले सात दिवस सोबत कंडोम लागतो. त्यापुढची पाळी, म्हणजे ऑगस्टमधली, तुमच्या नेहमीच्या अंतराने यायला हवी. ती मोजताना जुलैत आलेल्या पाळीचा पहिला दिवस धरा, आणि तीही सात दिवसांहून जास्त लांबली तर पुन्हा एकदा लघवी तपासून मला किंवा जवळच्या डॉक्टरांना कळवा.